काळी चारचा सा

भाऊबीज झाली की वडशाचं, म्हणजे देसाईगंजचं, रूप पालटतं. झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांची कार्यालयं या गावात आहेत. खेड्यापाड्यातली मंडळी इथे येऊन नाटकं ठरवून जातात, आणि धान कापून झालं की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांत नाटकांच्या रात्री सुरू होतात त्या होळीपर्यंत. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या कुरखेडा तालुक्यातल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रात्रींची खबर लागली. इथलं नाटक गाण्याशिवाय होत नाही. रंगमंचालगत वादक बसतात. त्यांच्यात पायाने भाता मारायचा ऑर्गन असतो, तबला-ढोलकी असते, आणि अलीकडे कीबोर्ड आणि ऑक्टापॅडही असतो.

मांडवात सगळ्यांत पुढे पोरंसोरं बसतात. त्यातलं एखादं दुसऱ्या दिवशी घरी म्हणतं, मलाही वाजवायचंय. मग आईबाप विचारात पडतात, पेटी घ्यावी की कीबोर्ड? पेटी म्हणजे भजनातली, जुनी, जड. कीबोर्ड म्हणजे शंभर आवाजांचा, हलका, हेडफोन लावता येणारा. साधी बरी पेटी आणि ६१ पट्ट्यांचा बरा कीबोर्ड यांच्या किमतीत आता फार अंतर राहिलेलं नाही, त्यामुळे पैशानेही निकाल लागत नाही. दुकानदार सहसा कीबोर्ड दाखवतो. आजोबा पेटी म्हणतात. दोघांच्याही बोलण्यात मुलाचा गळा येत नाही, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

ब्रह्मपुरी किंवा आरमोरीकडची आठ-नऊ वर्षांची एक मुलगी डोळ्यांपुढे धरू. शाळेच्या परिपाठात ती गाते, आणि गावात गुरुदेव सेवा मंडळ असल्यामुळे संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसते. तिला कुठलंही वाद्य देण्याआधी कुणाची तरी पेटी घेऊन तिचा आवाज तपासायचा. एक सूर द्यायचा, तिला ‘आ’ लावायला सांगायचं आणि एकेक पट्टी खाली उतरत जायचं. आवाज घोगरा होऊन हवा होतो त्याच्या आधीचा सूर ही तिची खालची हद्द. मग तसंच वर चढत जायचं. मान ताणली, हनुवटी वर गेली, गाण्याचं ओरडणं झालं, की त्याच्या एक सूर आधी वरची हद्द. न शिकलेल्या मुलांचा आवाज आपल्याला वाटतो तितका उंच नसतो. आपण धरू की ही मुलगी खाली पांढरी पाचपर्यंत जाते आणि वर, पुढच्या सप्तकातल्या पांढरी सातपर्यंत. म्हणजे सव्वा सप्तकाच्या थोडं वर.

आता घरोघरी काय होतं ते पाहा. शिकवणारे पांढरी एकपासून सुरुवात करतात, कारण तिथून सा रे ग म प ध नी सा सगळे पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. बोटांना सोपं आणि दाखवायलाही सोपं. पण या मुलीचा सा पांढरी एकला ठेवला, तर वरचा सा तिच्या हद्दीच्या बाहेर पडतो, अगदी अर्ध्या स्वराने. ती रोज आरोहाच्या शेवटच्या पायरीवर ओरडते. महिन्याभरात तिला वाटायला लागतं की आपल्याला वरचे सूर येत नाहीत. खरं तर सूर चुकलेला नसतो, सुरुवात चुकलेली असते.

तिचा सा काळी चारला ठेवला की गणित जुळतं. खालचा नी पांढरी पाचला, म्हणजे तिच्या तळाला. वरचा सा आरामात, त्याच्या वरचा रेही मोकळा. पट्ट्यांचा क्रम मात्र असा होतो: काळी चार, काळी पाच, पांढरी एक, काळी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच आणि पुन्हा काळी चार. नुसतं वाचूनही कळेल की पहिल्या आठवड्यात हे अवघड जाणार. आठ वर्षांचं बोट आखूड असतं, काळ्या पट्टीवरून पांढरीवर उतरताना ते घसरतं. पण दोन-तीन आठवड्यांत हाताला जागा कळतात. काळ्या पट्ट्या उंच असल्यामुळे न बघता सापडतात, हा फायदा पांढऱ्यांवर शिकणाऱ्याला मिळत नाही.

इथेच कीबोर्ड एक सोय पुढे करतो. त्यावर ट्रान्सपोज नावाचं बटण असतं. ते चार वेळा खाली दाबलं की बोटं पांढरी एकपासून चालतात आणि आवाज काळी चारचा येतो. गळाही सांभाळला, बोटंही सांभाळली. घरात एकटीने गायचं असेल तर याच्यासारखं सुख नाही. पण ही मुलगी संध्याकाळी प्रार्थनेला जाते, आणि तिथल्या पेटीला ते बटण नाही. तिथे पुरुष मंडळी काळी एकला किंवा काळी दोनला गातात. तिने सहा महिने कीबोर्डवर फक्त पांढऱ्या पट्ट्यांचा रस्ता चालला असेल, तर समोर पेटी आल्यावर तिला आपलंच भजन वाजवता येत नाही. उलट जिने काळी चारवर हात बसवला, तिला काळी एक नवी वाटली तरी परकी वाटत नाही, कारण सा कुठेही ठेवला तरी मधलं अंतर तेच राहतं हे तिच्या बोटांना कळलेलं असतं. म्हणून माझं मत सरळ आहे. कीबोर्ड घेतला तरी पहिलं वर्षभर ट्रान्सपोजला हात लावू नये. पेटी घेताना स्केलचेंजर घेऊ नये, तीही तीच सोय आहे, वरून जास्त वजनाची आणि जास्त किमतीची.

दुसरा फरक डाव्या हाताचा. पेटीत उजवा हात सूर दाबतो आणि डावा हात भात्याने हवा भरतो. मुलं सुरुवातीला दर सुराला भाता मारतात. सा म्हटलं की एक धक्का, रे म्हटलं की दुसरा. मग पेटी हुंदके दिल्यासारखी वाजते. हे ऐकू आलं की उजवा हात थांबवायचा. एकच पट्टी दाबून ठेवायची आणि मुलाला सांगायचं की भाता पूर्ण उघडू नको, थोडा उघड, थोडा मिट, पण आवाज तुटू देऊ नको आणि मोठाही होऊ देऊ नको. आतल्या भात्यात हवा साठत असते, त्यामुळे बाहेरच्या भात्याला घाई नसते. हे एकदा हाताला कळलं की मुलाचा गाण्याचा श्वासही सुधारतो, कारण एक ओळ पुरेल इतकी हवा आधी घ्यायची असते हे तो हाताने शिकलेला असतो. कीबोर्डवर पट्टी दाबून ठेवली की हार्मोनियमचा आवाज आपोआप एकसारखा चालू राहतो. पट्टी किती जोरात दाबली यावर फार तर सुरुवातीचा ठोका लहानमोठा होतो. लावलेला सूर हळूहळू फुलवायचा, ओळीच्या शेवटी विरू द्यायचा, ही गोष्ट साध्या कीबोर्डवर बोटांनी होत नाही.

बसण्याचीही एक बारीक गोष्ट आहे. मोठ्या माणसाची पेटी जमिनीवर ठेवून मूल मांडी घालून बसलं, की पट्ट्या त्याच्या छातीशी येतात आणि खांदे वर चढतात. मुलाखाली घडी केलेली सतरंजी किंवा पाट द्यायचा, कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईपर्यंत. डावा हात भात्यापर्यंत ताणल्याशिवाय पोचत नसेल, म्हणजे बहुतेक सहा वर्षांखालच्या मुलांत, तर पेटी अजून वर्षभर थांबवलेली बरी. तोवर मोठ्या माणसाने भाता मारायचा आणि मुलाने गायचं.

पेटी वाईट असेल तर मात्र वरचं सगळं वाया जातं, आणि बेसूर पेटीपेक्षा साधा कीबोर्ड शंभर पटीने बरा. कीबोर्डचा सूर कारखान्यातून येतो तसाच राहतो. पेटीचं तसं नाही. झाडीपट्टीत पुष्कळ पेट्या भजन मंडळांकडून, नातेवाइकांकडून हात बदलत येतात. अशी पेटी घेण्याआधी चार गोष्टी कानाने तपासता येतात आणि त्याला जाणकार असावं लागत नाही. खुंट्या ओढायच्या, एकही पट्टी न दाबता भाता मारायचा. पेटी मुकी राहिली पाहिजे आणि भात्याला विरोध जाणवला पाहिजे. भाता सहज मिटत गेला तर हवा कुठून तरी गळते आहे, आणि न दाबता एखादा सूर गुणगुणला तर त्या पट्टीखालची झडप नीट बसत नाही. मग हवा भरून एकच पट्टी, एकाच ओळीचा सूर उघडून धरून ठेवायची. पंधरा-वीस सेकंद आवाज टिकायला हवा. तिसरं, अगदी हळू हवेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पट्टी दाबायची. काही सूर उशिरा बोलतात, काही खरखरतात. चौथी परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची. पेटीत बहुधा सुरांच्या दोन ओळी असतात, एक खर्जाची आणि एक नराची, किंवा दोन्ही नराच्या. दोन्ही उघडून एक पट्टी धरायची. आवाजात ‘वाँव-वाँव’ अशी लाट आली तर दोन सूर एकमेकांशी जुळलेले नाहीत. लाट जितकी वेगाने, तितकं अंतर जास्त. मोठी माणसं ती लाट सहन करतात, काहींना तर ती गोडही वाटते. पण मुलाचा गळा त्या दोघांच्या मधे कुठेतरी स्थिरावतो आणि मग तिथून हलत नाही. अशा पेटीवर एकच ओळ उघडून शिकवता येतं, हा एक मार्ग आहे.

न बोलणाऱ्या सुराचं कारण बहुतेक वेळा धूळ असते. पितळी जिभेखाली कण अडकला की ती हलत नाही. झाकण उघडून पातळ कागदाची पट्टी जिभेखालून अलगद फिरवली की सूर मोकळा होतो. याच्या पुढे मात्र घरच्या माणसाने जाऊ नये. जीभ टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. हे वाचायला सोपं आहे, आणि याच सोपेपणाने पुष्कळ पेट्या कायमच्या बिघडल्या आहेत.

आता हवामान. पेटी लाकडाची, चामड्याची आणि कापडाची. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, आणि गडचिरोलीत पावसाळ्यात धो-धो पाऊस. पावसात लाकूड फुगतं, पट्ट्या शेजारच्या पट्टीला घासून दाबलेल्या राहतात, कमानीच्या तारा गंजतात. उन्हात लाकूड आकसतं आणि जोडांतून हवा जायला लागते. हे सगळीकडच्या पेट्यांचं दुखणं आहे. पण आमच्या विदर्भाची एक खास अडचण आहे, ती म्हणजे कूलर. मे महिन्यात मुलाला शाळेला सुट्टी, रियाज दुपारचा, आणि पेटी घरातल्या एकाच थंड खोलीत, कूलरच्या झोतासमोर. बाहेर भट्टी, आत ओली हवा, आणि रात्री कूलर बंद झाला की पुन्हा कोरडं. एका दिवसात लाकूड दोनदा फुगतं आणि आकसतं. पावसाळ्यापेक्षा या दीड महिन्यात पेटीचं नुकसान जास्त होतं. पेटी कूलरच्या झोतात ठेवू नये, भिंतीला टेकवू नये, वाळवीमुळे जमिनीवरही ठेवू नये. पाटावर, कापड झाकून ठेवावी. उंदरांना भात्याचं चामडं आवडतं, तेव्हा धान्याच्या पोत्यांच्या खोलीत तर मुळीच नको.

कीबोर्डला यातलं काही होत नाही, त्याची दुखणी वेगळी आहेत. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्गुसकडे कोळशाच्या खाणी आहेत, औष्णिक वीज केंद्र आहे. तिथली काळी बारीक धूळ पट्ट्यांच्या फटीतून आत जाते. कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीखाली रबराचा लहानसा घुमट असतो, त्याच्या आतला काळा ठिपका खालच्या पाटीला टेकला की आवाज येतो. धूळ किंवा मुंग्यांची माती तिथे बसली की एखादा सूर दोनदा दाबल्यावर बोलतो, किंवा हळू दाबला तरी एकदम मोठा येतो. असं व्हायला लागलं की आतून साफ करायचं. ते काम कठीण नाही, पण त्यासाठी भरपूर स्क्रू उघडावे लागतात आणि ते करून देणारा माणूस तालुक्याला सापडेलच असं नाही, बरेचदा नागपूर गाठावं लागतं. वापरून झाल्यावर सुती कापड टाकणं, एवढीच राखण पुरेशी असते. विजेचं म्हणाल, तर बरेच लहान कीबोर्ड साध्या सेलवरही चालतात, पण सेलचा खर्च महिन्याला टोचतो. पावसात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि वीजही जाते. तिकडे कीबोर्ड घ्यायचा तर हे धरूनच घ्यावा.

भामरागड, एटापल्लीकडचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. या लेखात मी पेटीची बाजू घेतो आहे ती धानपट्ट्याच्या, भजनाच्या आणि नाटकाच्या मुलखात. माडिया घरातल्या मुलीने रेला गाणी ऐकत वाढायचं आणि तिला सूर शिकवायला पेटी न्यायची, हे मला खटकतं. रेला गाण्याला पेटी लागत नाही, पुष्कळ गळे एकत्र आले की त्यांचा सा ठरतो. तिथे पहिलं वाद्य कोणतं असावं हे तिथल्या गाणाऱ्या बायकांनी सांगावं.

कीबोर्ड कधी घ्यावा, याचंही माझ्याकडे स्पष्ट उत्तर आहे. गावात पेटी वाजवणारा कुणीच नसेल, सूर लावून देणारा तालुक्यालाही नसेल, आणि शिकवणी फोनवरून घ्यायची असेल, तर कीबोर्ड. मुलाला पाश्चात्त्य पद्धतीने दोन हातांनी वाजवायचं असेल, पुढे ट्रिनिटीसारख्या परीक्षा द्यायच्या असतील, तर कीबोर्डच, पेटी तिथे उपयोगाची नाही. उलट अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांचा विचार असेल तर पेटीवरचा हात कामाला येतो. आणि नाटकात वाजवायची हौस असेल, तर गंमत अशी की कीबोर्ड ऑर्गनला जास्त जवळचा. ऑर्गनचा भाता पायाने चालतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात, तसेच इथेही राहतात.

कीबोर्ड घेतला तर तो ६१ पूर्ण आकाराच्या पट्ट्यांचा घ्यावा. लहान मुलांसाठी म्हणून अरुंद पट्ट्यांचे स्वस्त कीबोर्ड मिळतात. त्यांच्यावर बसलेला हात पुढे कुठल्याच वाद्यावर बसत नाही. तबला-तानपुऱ्याचे आवाज असलेली खास भारतीय मॉडेलं कॅसिओ आणि यामाहा या दोन्ही कंपन्या काढतात, ती बरी. पण पहिले सहा महिने फक्त एक हार्मोनियमचा किंवा ऑर्गनचा आवाज, ठेका बंद. पियानोचा आवाज नको, कारण तो दाबल्यावर विरत जातो आणि मुलाला सूर धरून गाता येत नाही. डाव्या हाताला काम हवं, नाहीतर तो मांडीवर पडून राहतो. त्या हाताने खालचा सा आणि प धरून ठेवायचे आणि उजव्या हाताने अलंकार वाजवायचे. पेटीत डावा हात भात्याला गुंतल्यामुळे हे जमत नाही, आणि या एका बाबतीत कीबोर्ड शिकवायला खरोखर सोयीचा आहे.

शास्त्रीय गाणं शिकवणारे दोन्ही वाद्यांवर नाक मुरडतात, त्यांच्याकडे कारण आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली होती, ती १९७१ मध्ये उठली, तीही अंशतःच. मींड निघत नाही आणि सूर ठरलेल्या जागी खिळलेले असतात, हा आक्षेप होता. आजच्या पेटीत आणि कीबोर्डमध्ये सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका चढा असतो. आठ वर्षांच्या मुलाला पहिल्या वर्षी हा फरक नडत नाही. पण सा स्थिर झाला की आठवड्यातून एखादा दिवस पेटी बंद ठेवून, नुसत्या तानपुऱ्यावर गायला बसवावं. फोनमधला तानपुराही चालतो. मात्र जुनी पेटी थोडी चढी किंवा उतरी लावलेली असते, तेव्हा फोनमधला तानपुरा आणि पेटी एकाच वेळी लावू नये.

मुलीचं बोलून झालं, आता मुलाचं. मुलगा बारा-तेराचा झाला की आवाज फुटतो. काळी चारचा सा त्याच्या हातून निसटतो, वर्षभर कधी इथे कधी तिथे लागतो, आणि शेवटी खालच्या सप्तकात पांढरी एक किंवा काळी एकच्या आसपास येऊन थांबतो. या वर्षभरात त्याला गायला न लावता वाजवायला लावावं. जी भजनं तो काळी चारवर वाजवत होता तीच काळी एकवर, मग काळी दोनवर. काळी दोनवर रे पांढरी चारला आणि ग पांढरी पाचला येतो, म काळी चारला. पहिले काही दिवस बोट सवयीने त्या काळी चारलाच सा समजून थांबतं, आणि तो हसतो. याच वर्षी त्याला मंडळातल्या पेटीवाल्याशेजारी बसवावं. गाणारा बदलला की त्या माणसाचा हात न बघता दुसऱ्या पट्टीवर कसा जातो, हे शेजारी बसूनच दिसतं.